व्हिडिओचे टॅग आणि वर्णन वक्त्याच्याच बोलण्यातून कसे काढावेत?

आपल्या वस्तीत, विहारात कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढतो. शीर्षक असते, ‘भव्य मार्गदर्शन शिबिर, प्रमुख वक्ते अमुक साहेब’. वर्णनात आयोजक मंडळाची नावे असतात. टॅगमध्ये ‘जय भीम, आंबेडकर, भीमगीते, बौद्ध, महाराष्ट्र’ अशी नेहमीची यादी चिकटवलेली असते. व्हिडिओत मात्र वक्त्याने जात पडताळणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात हे तपशीलवार सांगितलेले असते. बारावीतली मुलगी रात्री मोबाईलवर नेमके तेच शोधत असते आणि तिला आपला व्हिडिओ सापडत नाही. तिने टाइप केलेला एकही शब्द आपण लिहिलेल्या मजकुरात नसतो.

तो शब्द व्हिडिओत मात्र बोलला गेलेला असतो. म्हणून आम्ही आता टॅग आणि वर्णन आधी ठरवत नाही. व्हिडिओ तयार झाल्यावर त्यातले बोलणे कागदावर घेतो आणि त्यातूनच शब्द उचलतो. ही पद्धत आम्ही एका ३४ मिनिटांच्या व्हिडिओवर कशी वापरली, ते येथे सांगतो. विषय होता विद्यार्थ्यांसाठी जात पडताळणी.

आधी बोलणे लिहून घ्या

यूट्यूबने आपोआप उपशीर्षके तयार केली असतील तर स्टुडिओतून ती वेळेसह मिळतात. नसतील तर एका फोनवर व्हिडिओ लावायचा आणि दुसऱ्या फोनवर मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करायचे. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून व्हिडिओतली वेळ लिहून ठेवायची. वेळ नसेल तर पुढे प्रकरणे पाडता येत नाहीत.

मग एकदा व्हिडिओ ऐकत तो मजकूर दुरुस्त करायचा. हे काम टाळू नये. आमच्या मजकुरात ‘बार्टी’चे ‘पार्टी’ झाले होते आणि ‘कोतवाल बुक’चे ‘कोतवाल भूक’. मशीन अडखळते ते बहुतेक संस्थांची नावे, कागदपत्रांची नावे आणि संक्षेप यांवर. शोधणारा माणूस हेच शब्द टाइप करतो. म्हणजे जिथे चूक होते, तिथेच आपल्या कामाचा शब्द असतो.

कोणती वाक्ये खुणावायची?

सर्वात जास्त वेळा आलेला शब्द शोधायचा, असे पहिल्यांदा वाटते. तसे केले तर हाती ‘म्हणजे’, ‘बरं का’ आणि ‘तर मुद्दा असा’ एवढेच लागते. आम्ही मोजणी सोडली आणि दोन जागा शोधू लागलो. वक्ता कागद खाली ठेवून समोरच्यांशी बोलू लागतो, ती एक. आणि श्रोता प्रश्न विचारतो, ती दुसरी. आमच्या मजकुरातल्या या तीन जागा पाहा.

चौथ्या मिनिटाला वक्ते म्हणाले, “पोरांनो, जातीचा दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी.” अकराव्या मिनिटाला म्हणाले, “पन्नासच्या आधीचा पुरावा म्हणजे दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नासच्या आधीचा. आजोबांची शाळेतली नोंद, कोतवाल बुकातली नोंद, नाहीतर जुना महसुली कागद.” तेविसाव्या मिनिटाला मागून एका पालकांनी विचारले, “सर, आजोबांच्या टीसीवर महार आहे, वडिलांच्या टीसीवर बौद्ध आहे. मग अडचण येते का?”

हा तिसरा प्रश्न आमच्यापैकी कोणीही शीर्षकासाठी सुचवला नसता. आपल्या घराघरांत मात्र तोच विचारला जातो. आजोबांच्या नोंदीनंतर धर्मांतर झाले आणि पुढच्या पिढीच्या नोंदीत शब्द बदलला. ज्याच्या हातात असे दोन कागद आहेत, तो ‘मार्गदर्शन शिबिर’ शोधत नाही. तो हाच प्रश्न शोधतो.

तीन चाळण्या

खुणावलेले प्रत्येक वाक्य आम्ही तीन प्रश्नांतून गाळतो.

पहिला प्रश्न, व्हिडिओ न पाहिलेल्याला हे एकटे वाचून कळेल का? ‘पन्नासच्या आधीचा पुरावा’ हे सभागृहात कळते, कारण विषय सगळ्यांना ठाऊक असतो. बाहेर ते अर्धवट वाटते. म्हणून त्याला विषयाचा शब्द जोडला, ‘जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा’. वक्ता ‘पन्नास’ म्हणतो, पण टाइप करणारा आकडा लिहितो. त्यामुळे आकडाच ठेवला.

दुसरा प्रश्न, याचे उत्तर व्हिडिओत खरेच आहे का? एका मुलाने शिष्यवृत्तीबद्दल विचारले होते आणि वक्ते “त्यावर नंतर बोलू” म्हणून पुढे गेले होते. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द भरपूर शोधला जातो, तरी आम्ही तो घेतला नाही. त्यासाठी आलेला माणूस अर्ध्या मिनिटात निघून जाईल. ‘भीमगीते’ हा टॅगही याच कारणाने काढला. गाणी शोधणाऱ्याच्या हाती कागदपत्रांचे व्याख्यान देऊन कोणाचेही भले होत नाही. शिवाय दिशाभूल करणारे टॅग आणि वर्णन यूट्यूबच्या नियमांत बसत नाही.

तिसरा प्रश्न, लोक हे टाइप करतात का? यूट्यूबच्या शोधपट्टीत शब्द हळूहळू लिहायचा आणि खाली काय सुचवले जाते ते पाहायचे. हे ब्राउझरच्या खासगी खिडकीत करावे, नाहीतर आपल्याच जुन्या शोधांचा परिणाम दिसतो. मराठीसोबत रोमन लिपीतही लिहून पाहावे. आपली बरीच मुले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. सूचना आली नाही म्हणून वाक्य टाकून देऊ नये. टीसीवरचा तो प्रश्न कोणी तसाच्या तसा टाइप करणार नाही, पण त्यातले शब्द वेगवेगळ्या क्रमाने टाइप होतात.

वर्णन आणि टॅग यांची कामे वेगळी

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टॅग भरले की व्हिडिओ चालतो, असे बरेच कार्यकर्ते मानतात. यूट्यूबच स्वतः सांगते की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो. ते उपयोगी पडतात मुख्यतः जिथे शब्दाचे स्पेलिंग लोक चुकवतात तिथे. शीर्षक, चित्र आणि वर्णन यांचे वजन जास्त. म्हणून बोलण्यातली पूर्ण वाक्ये वर्णनात जातात आणि एकाच शब्दाची वेगवेगळी लेखने टॅगमध्ये.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी सर्वात मोलाच्या, कारण पुढचा मजकूर उघडल्याशिवाय दिसत नाही. आयोजकांची नावे आम्ही तळाला नेली आणि वर हे ठेवले.

```
जात पडताळणीसाठी 1950 च्या आधीचा पुरावा कुठे मिळतो?
आजोबांच्या टीसीवर महार, वडिलांच्या टीसीवर बौद्ध असेल
तर अडचण येते का? बारावीच्या मुलांसाठी सोप्या भाषेत.

00:00 ओळख
04:12 जातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी
11:30 1950 च्या आधीचा पुरावा: टीसी, कोतवाल बुक
23:40 टीसीवर बौद्ध असेल तर?
```

वेळेच्या या यादीतून यूट्यूब प्रकरणे पाडते. त्यासाठी पहिली वेळ `00:00` हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा. आकडे इंग्रजीत टाइप करावेत. एखादी अट राहिली की प्रकरणे दिसत नाहीत. व्हिडिओखालची पट्टी अखंड दिसली तर ही यादीच आधी तपासावी.

टॅगच्या रकान्यात सगळी मिळून ५०० अक्षरे मावतात. आम्ही एवढेच भरले.

```
जात पडताळणी, जात वैधता प्रमाणपत्र, कास्ट व्हॅलिडिटी,
caste validity marathi, jat padtalni, jaat padtalani,
caste validity documents
```

‘जात वैधता प्रमाणपत्र’ हा कचेरीतला शब्द. वक्त्यांनी तो एकदाच उच्चारला, बाकी सगळीकडे ‘व्हॅलिडिटी’ म्हटले. कॉलेजच्या सूचनेत मुलांना पहिला शब्द दिसतो आणि मित्रांच्या तोंडून दुसरा ऐकू येतो. दोन्ही ठेवणे गरजेचे होते.

हीच टॅगची यादी वर्णनाच्या खाली पुन्हा चिकटवू नये. वर्णनात टॅगांचा ढीग लावणे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. संपूर्ण बोलणेही वर्णनात ओतू नये. वर्णनाची मर्यादा पाच हजार अक्षरांची आहे आणि चौतीस मिनिटांचे बोलणे तिच्यात मावत नाही. दुरुस्त केलेला मजकूर उपशीर्षके म्हणून चढवावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

बोलणाऱ्याची ओळख जपा

प्रश्न विचारणाऱ्या पालकांनी स्वतःचे नाव, गाव आणि मुलीचे कॉलेजही सांगितले होते. सभागृहात ते ठीक होते. पण वर्णनातला मजकूर शोधात येतो आणि एखाद्या कुटुंबाचे नाव व जात कायमची एकत्र नोंदली जाते. आम्ही प्रश्न ठेवला, माणूस काढला. उपशीर्षकांतूनही नाव वगळले. लिहून घेतलेल्या बोलण्यातून वाक्ये उचलताना ही चाळणी नेहमीच लावावी.

शब्द बरोबर निवडले, हे कसे कळते?

तीन-चार आठवडे थांबावे. मग स्टुडिओतल्या `Analytics` मध्ये त्या व्हिडिओच्या `Reach` विभागात जाऊन `YouTube search` पाहावे. लोकांनी काय टाइप केले आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले, त्या शब्दांची यादी तेथे असते. एखादा शब्द यादीत आहे, पण वर्णनात नाही, तर लिहून घेतलेल्या मजकुरात परत जावे. तो तिथे असेल तर वर्णनात घ्यावा. नसेल तर व्हिडिओत ते उत्तरच नाही आणि शब्द घालून ते येणारही नाही. अशा वेळी तो पुढच्या व्हिडिओचा विषय समजावा.

शिष्यवृत्तीबद्दल विचारणाऱ्या त्या मुलाचा प्रश्न आम्ही असाच बाजूला लिहून ठेवला आहे. पुढच्या शिबिरात वक्त्यांच्या हाती पहिला तोच देणार आहोत.