वरच्या खोलीतला भाडेकरू आणि परत आलेली लेक

शिरगावचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला प्रतिशिर्डी आठवते, गुरुवारची गर्दी आठवते. इथे राहणाऱ्याला मात्र आणखी एक गोष्ट ठाऊक असते. तळेगाव, चाकण, हिंजवडी अशा सगळ्या बाजूंना कारखाने आणि कंपन्या वाढल्या, तशा या पट्ट्यातल्या गावांत घरांवर वरचे मजले चढले. खाली घरमालक आणि वर पाळीवर जाणारे भाडेकरू, असं चित्र आता सर्रास दिसतं. आजच्या विषयाची किल्ली आम्हाला त्या वरच्या खोलीत सापडते.

विषय असा आहे. शिक्षण संपवून किंवा नोकरी गमावून पंचविशीतली मुलं पुन्हा आईवडिलांच्या घरी राहायला येतात. मग घराचे नियम कोणी, कसे ठरवायचे?

परत येणं मावळाला नवीन नाही. मुंबईचे डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतले. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, डबे थांबले आणि ही माणसं गावी आली. पैशाची ओढाताण झाली, पण घरात त्यांची जागा कुठली, हा प्रश्न फारसा पडला नाही. ती कर्ती माणसं होती. बऱ्याच जणांचा संसार गावात होता, भाताची खाचरं होती. भाऊबंदांत पटलंच नाही तर चूल वेगळी करायची, हीसुद्धा ठरलेली रीत होती.

अविवाहित, शिकलेल्या, न कमावणाऱ्या प्रौढ मुलासाठी मात्र आपल्या घरांत अशी जागाच नाही. आपल्याकडे दोन जागा तयार असतात. एक शिकणाऱ्या पोराची. त्याच्याकडून काही मागायचं नाही, पण त्याने विचारल्याशिवाय बाहेर जायचं नाही. दुसरी कमावत्याची. त्याने घरात पैसे द्यायचे, त्याला कोणी काही विचारायचं नाही. परत आलेला मुलगा या दोन्हींत बसत नाही. मग घर काय करतं? त्याला मुकाट्याने बारावीतल्या जागेवर नेऊन बसवतं. कोणी तसं ठरवत नाही, ते आपसूक होतं. बहुतेक भांडणांचं मूळ इथे आहे.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर आणि त्यातले आकडे आम्ही उदाहरणासाठी जुळवले आहेत, पण मांडणी अनेकांना ओळखीची वाटेल. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर दोन खोल्या, दोन्ही प्रत्येकी ४,००० रुपये भाड्याने दिलेल्या. वडिलांची थोडी शेती, आईचं मंदिराजवळ हार-फुलांचं दुकान. मुलगी २६ वर्षांची, तीन वर्षं पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करत होती. तिची कॉट, मेस, अभ्यासिका यांसाठी घरून महिन्याला ९,००० रुपये जात. मुलगा २४ वर्षांचा, डिप्लोमा झालेला. चाकणला मित्रांबरोबर खोली घेऊन कंत्राटी नोकरी करायचा आणि घरी ६,००० पाठवायचा. मुलगी पुणं सोडून आली, तिच्यासाठी वरची एक खोली रिकामी केली. दोन महिन्यांनी मुलाचं कंत्राट संपलं, तोही आला आणि खाली बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

पहिलं काम हिशेबाचं. मुलगी आल्यामुळे पुण्याला जाणारे ९,००० वाचले. खोलीचं भाडं ४,००० बुडालं, तिच्या जेवणखाणाचे २,५०० धरू. म्हणजे घराला महिन्याला २,५०० रुपयांचा फायदाच झाला. मुलाच्या बाबतीत ६,००० येणं थांबलं, २,५०० जेवणाचे आणि १,००० पेट्रोलचे वाढले. घर ९,५०० नी खाली आलं. दोन्ही मिळून तूट ७,००० रुपयांची, आणि ती मुलीमुळे पडलेली नाही.

पण बोलणी कोणाला बसतात? मुलीलाच. "अजून किती वर्षं?" हे तिला विचारलं जातं. "दमून आलाय, झोपू दे" हे त्याच्याबद्दल म्हटलं जातं. भाकरी तिने थापायची, गुरुवारी दुकानात तिने बसायचं, सातच्या आत घरात तिने यायचं. हिशेब कागदावर उतरवला नाही, तर नियम पैशाच्या मागे जात नाहीत, जुन्या सवयीच्या मागे जातात. म्हणून आधी आकडे, मग बोलणी. हा क्रम उलटा करू नये.

दुसरं काम नियमांची निवड. इथे तो वरचा भाडेकरू कामाला येतो. दुसऱ्या खोलीतला कामगार दुसरी पाळी करून रात्री एकला येतो. त्याला आपण विचारतो का, कुठे होतास म्हणून? नाही. पण जिन्याचा दिवा बंद कर, फाटकाला कडी लाव, मोटर चालू ठेवून जाऊ नकोस, हे हक्काने सांगतो. म्हणून घरातल्या प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारून बघावा: हा नियम आपण भाडेकरूला लावला असता का? उत्तर 'हो' असेल, तर तो एकत्र राहण्याचा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा. उत्तर 'नाही' असेल, तर तो दुसऱ्याच्या आयुष्यावरचा नियम आहे. कोणाशी बोलते, लग्न कधी, केस कसे कापले, यावर आईबाप सल्ला देऊ शकतात, पण त्याला नियम म्हणू नये.

ही कसोटी उलटीही वापरावी, नाहीतर मुलं सोयीपुरती वापरतील. भाडेकरू एक तारखेला भाडं देतो. आपण त्याला ताट वाढत नाही, त्याचे कपडे धूत नाही. भाडेकरूइतकं स्वातंत्र्य हवं, तर घरावर पडणारा भार कुठल्यातरी रूपात उचलावा लागेल. पैसा नसेल तर कामाच्या रूपात.

आपल्या उदाहरणातल्या घरात बोलणी अशी होतात. जेवताना नाही, निकालाच्या दिवशी नाही, गुरुवारी तर नाहीच. आई दुकानातून थकून येते. रविवारी दुपारी चौघं बसतात. मुलगी संध्याकाळी वरच्या खोलीत गावातल्या आठ मुलांची शिकवणी घेईल, प्रत्येकी ४०० रुपये. ३,२०० येतील, त्यातले २,००० घरात. मुलगा गुरुवारी सकाळी सहा ते दुपारपर्यंत दुकान सांभाळेल. दळण, गॅस, पिण्याचं पाणी त्याच्याकडे. रात्रीचा स्वयंपाक आणि भांडी बहीण-भावात एक दिवसाआड. दहानंतर येणार असेल त्याने आठपर्यंत फोन करायचा आणि स्वतःची किल्ली न्यायची. हा नियम वडिलांनाही. तूट अजून ५,००० आहे. ती कशी भरायची? मुलगा तीन महिने आपल्या कामाची नोकरी शोधेल. त्यानंतर मिळेल ते काम धरेल आणि शोध चालू ठेवेल. तोवर मुलाच्या हातखर्चाला महिन्याचे १,००० रुपये एक तारखेला, न मागता.

हे 'न मागता' फार मोलाचं आहे. मोठ्या मुलाने पन्नास-शंभरासाठी हात पसरायचा आणि दर वेळी कारण सांगायचं, यात दोघांची शोभा जाते. मग आई पदराआडून देऊ लागते, वडिलांना ते कळत नाही आणि घरात दोन हिशेब सुरू होतात. ठरलेली छोटी रक्कम बरी.

तिसरं काम शेवटची तारीख ठरवण्याचं. नोकरीच्या शोधाला तारीख सहज लावता येते, परीक्षेला ती अवघड जाते. एमपीएससीच्या बहुतेक पदांना वयाची मर्यादा खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं आहे. म्हणजे परीक्षा स्वतःहून थांब म्हणत नाही. आणि मुलीच्या बाबतीत घराने तारीख ठरवली नाही, तर ती जागा स्थळं भरून काढतात. अभ्यास कधी थांबवायचा, हा प्रश्न लग्न कधी, या प्रश्नात विरघळून जातो. म्हणून आपल्या घराने ठरवलं: पुढच्या पूर्व परीक्षेचा निकाल लागेपर्यंत अभ्यास, तोवर स्थळाचा विषय कोणी काढायचा नाही. निकालानंतरच्या रविवारी पुन्हा बसायचं. कॅलेंडरवर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक गोल करून ठेवायचा. त्या दिवशी काय चाललं, काय मोडलं, एवढंच बघायचं.

हे मोडतं कुठे? बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. खुणा बारीक असतात. मुलगा सगळ्यांचं झाल्यावर एकटा जेवू लागतो. दिवसा झोप, रात्री जाग. वडिलांचा निरोप आईमार्फत जातो आणि उत्तरही तिच्याच मार्फत येतं. ही शेवटची खूण आम्ही सर्वांत गंभीर मानतो, कारण तिचा अर्थ बोलणी बंद झाली. अनेकदा करार मोडणारे आईबापच असतात. पाहुणा आला की "आमची काय, बसलीय घरी" हे वाक्य निघतं आणि महिनाभराचं ठरवलेलं त्या एका वाक्यात जातं. पाहुण्यांना काय सांगायचं, हेसुद्धा रविवारच्या बैठकीत ठरवून घ्यावं.

"माझ्या घरात राहायचं तर माझे नियम" असं कोणी म्हणेल. कायद्याचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. स्वकष्टार्जित घरात प्रौढ मुलगा हक्काने नाही, तर आईवडिलांच्या मर्जीने राहतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं. पण १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला सांभाळणं ही आईवडिलांची जबाबदारी आहे. आणि गावठाणातलं घर एकत्र कुटुंबाचं वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचाही मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. म्हणजे ज्या लेकीला आपण 'माझं घर' ऐकवतो, ते कदाचित तिचंही असेल. हे कोर्टात जाण्यासाठी सांगत नाही. बोलताना आवाज कुठल्या पट्टीत ठेवावा, एवढ्यासाठी सांगतोय.

या पद्धतीला मर्यादा आहेत. घरात मारहाण असेल, दारू असेल, मोबाइलवरच्या कर्जाचा फास असेल किंवा मूल आठवडेच्या आठवडे अंथरुणातून उठत नसेल, तर कागदावरचे नियम उपयोगाचे नाहीत. तिथे आधी डॉक्टर, समुपदेशक किंवा गरज पडली तर पोलीस. नियम फक्त तिथेच चालतात जिथे दोन्ही बाजू अजून एकमेकांशी बोलतायत.

आता निकाल येतो. समजा आपल्या मुलीचं नाव यादीत नाही. रविवारी चौघं बसतात. ती म्हणते, शिकवणी वाढवते, अभ्यास बंद करते. वडील म्हणतात, अजून एकदा बघ. कोणाचं बरोबर, हे आम्ही इथून सांगणार नाही. पण हे बोलणं जेवणाच्या ताटावर टोमण्यातून निघालं नाही. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेल्या रविवारी, समोरासमोर बसून झालं. वरची खोली पुन्हा भाड्याने द्यायची की शिकवणीला ठेवायची, हा हिशेब आता तिलाच मांडायला सांगा.