चार पंच, सव्वासहा मिनिटं आणि एक गेलेला रविवार

भोसरी किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या साठ-सत्तर माणसांच्या वर्कशॉपात आजही दोन हजेऱ्या चालतात. गेटवर बोटाचा ठसा घेणारं यंत्र असतं आणि सुपरवायझरच्या टेबलावर मस्टर. पगार सात तारखेच्या आत करायचा असतो, त्यामुळे महिना उजाडला की टाइम ऑफिसातला कारकून दोन्ही शेजारी ठेवून पगारी दिवस जुळवत बसतो. बहुतेकांचे जुळतात. ज्यांचे जुळत नाहीत त्यांच्यात एक प्रकार हमखास सापडतो. माणूस कामावर होता, मस्टरवर ‘पी’ आहे, यंत्रावरही पंच आहेत, तरी यंत्राच्या हिशेबात खाडा पडलेला असतो.

हे कसं होतं ते पाहायला ऑगस्ट २०२५ चा महिना घेऊ आणि टोकन नंबर ११७ चा एक कामगार कल्पू. पगार महिना १५,५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५००. महिन्यात रविवार पाच, १५ ऑगस्ट आणि गणेश चतुर्थी या दोन भरपगारी सुट्ट्या, उरले कामाचे चोवीस दिवस. मस्टरप्रमाणे हा माणूस बावीस दिवस हजर, एक दिवस पगारी रजा, एक खाडा. बावीस, पाच, दोन आणि एक मिळून पगारी दिवस तीस. यंत्राच्या अहवालात मात्र सत्तावीस.

शनिवार, २३ तारखेची यंत्रातली नोंद अशी आहे :

```
117  2025-08-23 07:56:12
117  2025-08-23 07:59:40
117  2025-08-23 16:31:18
117  2025-08-23 16:34:05
```

पाळी सकाळी आठ ते दुपारी साडेचार. कोणीही वाचलं तर सांगेल, गडी वेळेवर आला आणि वेळेवर गेला. पण बऱ्याच साध्या यंत्रांच्या नोंदीत आत की बाहेर हे भरवशानं कळत नाही, म्हणून सॉफ्टवेअर पंच ओळीनं जोडत जातं. पहिला आत, दुसरा बाहेर, तिसरा आत, चौथा बाहेर. त्यानं सकाळची ३ मिनिटं २८ सेकंद धरली, दुपारची २ मिनिटं ४७ सेकंद धरली आणि दिवसाचं काम काढलं सव्वासहा मिनिटं. चार तासांच्या खाली गैरहजर, असा नियम सेट केलेला असतो. लागला खाडा.

यातली खरी मेख पंचांच्या संख्येत आहे. पंच तीन असते तर जोडी अपुरी राहिली असती आणि नाव ‘मिस पंच’च्या यादीत आलं असतं. कारकून ती यादी रोज बघतो. चार पंचांच्या मात्र दोन पूर्ण जोड्या झाल्या, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नाही. म्हणून अनुभवी माणूस मिस पंचच्या यादीवर थांबत नाही. पंच सम संख्येत आहेत आणि कामाचे तास मात्र एक तासाच्याही आत आहेत, असे दिवस तो वेगळे काढतो. आठ तासांच्या पाळीला येऊन सहा मिनिटांत घरी जाणारा माणूस विरळाच.

दोनदा पंच का होतात? बोट तेलकट असलं आणि ठसा ओळखला गेला नाही तर हजेरीत पंच पडतच नाही, म्हणजे इथं दोन्ही वेळा ठसा नीट लागलेला असतो. भोंग्याच्या आवाजात यंत्राचं ‘थँक यू’ ऐकू आलं नाही म्हणून माणूस रांगेत पुन्हा येतो. एकदा पगार कापला गेलेला असेल तर खात्रीसाठीही दोनदा बोट लावतो. हे माणसांचे दुहेरी पंच, आणि त्यांचं अंतर माणसागणिक बदलतं. सेकंदासह हुबेहूब जुळणाऱ्या दोन ओळी दिसल्या तर मात्र बहुधा तीच फाइल दोनदा चढवलेली असते. त्यातली एक बेलाशक काढावी.

दुहेरी पंच गाळायला सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. पाच मिनिटांच्या आतला दुसरा पंच धरू नका, असं सांगता येतं. शनिवार त्यानं सुटतो. सकाळचा ७:५६ राहतो, दुपारचा ४:३१ राहतो, दिवस भरला. (जाताना खरं तर शेवटचा पंच धरायला हवा. पगारी दिवसाला तीन मिनिटांनी फरक पडत नाही, ओव्हरटाइमला पडू शकतो.)

सोमवार, २५ तारीख मात्र सुटत नाही. त्या दिवशी पंच ७:५७, ८:०४ आणि ४:३३ ला. पहिल्या दोहोंत साडेसहा मिनिटांहून जास्त अंतर, म्हणून दुसरा गाळला गेला नाही, बाहेर जाण्याचा ठरला. इथं मोह होतो तो मुदत पाचाची तीस मिनिटं करण्याचा. हे करू नये. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते. कोणी साडेबाराला पंच करून बाहेर गेला आणि १२:५८ ला परतला, तर परतीचा खरा पंचच दुहेरी समजून गाळला जाईल आणि त्याची अख्खी दुपार बुडेल. कामगार खरोखर बाहेर जाऊन येतो त्या सगळ्यात छोट्या वेळेपेक्षा ही मुदत कमीच हवी.

सोमवारचं उत्तर यंत्राच्या नंबरात होतं. ८:०४ चा पंच गेटवरच्या नव्हे, खात्यातल्या दुसऱ्या यंत्रावरचा. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी दोन्हीकडे बोट लावलं, त्या सगळ्यांचंच अंतर सहा-सात मिनिटांच्या आसपास. सगळ्यांचं अंतर सारखं दिसलं की माणसांकडे बघायचं सोडून घड्याळांकडे बघावं. दोन्ही यंत्रांची वेळ एकाच वेळी ताडून पाहिली तर दुसरं चार मिनिटं पुढे. ती चार मिनिटं वजा केल्यावर अंतर तीन मिनिटांच्याही आत आलं आणि पाच मिनिटांची मुदत पुरली.

आता हिशेब. बिघडले दोन दिवस, पण कमी झाले तीन. तिसरा गेला मधला रविवार. शनिवार-सोमवार दोन्हीकडे खाडा असेल तर मधली साप्ताहिक सुट्टीही बिनपगारी, हा ‘सँडविच’ नियम काही कंपन्या लावतात आणि सॉफ्टवेअर तो निमूटपणे पाळतं. पगारातून १,५०० रुपये गेले. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणापेक्षा जास्त असू नये, असं १९३६ च्या वेतन कायद्यातही होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. इथं तर गैरहजेरीच नव्हती. शिवाय हे दिवस भविष्य निर्वाह निधीच्या विवरणात बिनवर्गणीचे म्हणून जातात, तिथली दुरुस्ती पगाराच्या थकबाकीपेक्षा किचकट.

दुरुस्ती करताना मूळ नोंदीतली ओळ पुसायची नाही. ती तशीच ठेवून शेजारी कोणता पंच धरला नाही, का धरला नाही, हे लिहायचं आणि सुपरवायझरची सही घ्यायची. उद्या वाद झाला तर मूळ नोंद लागते. मस्टरही काही ब्रह्मवाक्य नव्हे. संध्याकाळी एका दमात ओळभर ‘पी’ ओढणारे सुपरवायझर असतातच, म्हणून मस्टरवर ‘पी’ आणि यंत्रावर एकही पंच नाही, असे दिवसही त्याच बैठकीत तपासावे लागतात.

एक प्रकार मात्र दोन्ही कागद जुळवून सुटत नाही. सकाळी ७:५६ आणि ८:०१, दिवसभरात एवढेच दोन पंच. मुदतीत बसतात म्हणून सॉफ्टवेअर एकच धरतं. पण माणसानं दोनदा बोट लावून दिवसभर काम केलं आणि जाताना पंच विसरला, की घरून फोन आला म्हणून पाच मिनिटांत परत गेला, हे त्या दोन वेळांवरून कळणारच नाही. अशा दिवसाला आपोआप ‘पी’ही देऊ नये आणि खाडाही लावू नये. गेटवरच्या वॉचमनची वही आणि त्या दिवसाचं प्रॉडक्शन कार्ड काढावं. कार्डावर ११७ च्या नावावर दुपारचे नग असतील तर दिवस त्याचा.