१९९९ पैसे, १९.९९ रुपये नव्हे

रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला १९ रुपये ९९ पैसे घ्यायला सांगायचे असतील, तर रकमेच्या जागी १९९९ लिहावे लागते. गेटवे रुपये मोजत नाही, पैसे मोजतो. आपल्याकडे २५ पैशांपर्यंतची नाणी २०११मध्ये चलनातून गेली, पण हिशेबात पैसा अजून आहे.

कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत दडले आहे. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा कधीच पूर्ण लिहून होत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश होत नाही. म्हणून नेहमीच्या दशांश प्रकारात हा हिशेब असा निघतो:

```
19.99 * 100 = 1998.9999999999998
```

प्रोग्रामने दशांशानंतरचे अंक नुसते छाटले, की उरतात १९९८. एक पैसा गेला! ग्राहकाला तो कळतही नाही. संध्याकाळी बँकेचा आणि दुकानाचा ताळा जमेना, की लेखापालाला कळतो. पूर्णांकांच्या बेरजेत ही भानगडच नाही.

मात्र ‘शंभराने गुणा’ हा नियम सगळीकडे चालत नाही. चलनांच्या आयएसओ ४२१७ या यादीत प्रत्येक चलनाचे दशांश ठरलेले आहेत: रुपया आणि डॉलरला दोन, जपानी येनला शून्य, कुवेती दिनारला तीन. ५०० येनच्या पुस्तकाला सवयीने शंभराने गुणले, तर गिऱ्हाइकाच्या कार्डातून ५०,००० येन जातील. ५ दिनार म्हणजे ५००० फिल्स. तिथे ५०० पाठवले तर अर्धाच दिनार मिळेल. येनची चूक गिऱ्हाईक लगेच ओरडून सांगते, दिनारची सांगायला कोणी येत नाही.

खरा गुंता होतो चलन बदलताना. समजा, एक येन म्हणजे ६० पैसे. शंभर रुपयांच्या तीन वस्तू जपानी ग्राहकाने घेतल्या. एकूण ३०,००० पैसे भागिले ६०, म्हणजे बरोबर ५०० येन. पण एकेका वस्तूचे १६६.६७ येन होतात आणि येनला अपूर्णांक नाही, म्हणून १६७. ग्राहकाने तिन्ही वस्तू एकेक करून परत केल्या आणि प्रत्येक वेळी १६७ दिले, तर परतावा होतो ५०१. घेतल्यापेक्षा एक येन जास्त!

म्हणून जाणकार मंडळी राउंडिंग एकदाच करतात, तेही एकूण रकमेवर, आणि ती रक्कम मग वस्तूंवर वाटतात: १६७, १६७, १६६. कोणत्या वस्तूच्या वाट्याला किती आले हे खरेदीच्या वेळीच नोंदवतात. परताव्याच्या दिवशी दर बदललेला असला, तरी त्या नोंदीतलाच आकडा परत जातो.

बरोबर अर्ध्यावर अडले तर? आपल्या जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात धरतात आणि ५० पैसे असतील तर वर नेतात. काही प्रणाली मात्र अर्धा आला की जवळच्या सम अंकाकडे जातात, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४, कारण सतत वरच नेले तर हजारो व्यवहारांत बेरीज एकाच बाजूला फुगत जाते. दोन कंपन्यांच्या प्रणाली जोडताना हा नियम आधी विचारून घ्यावा; दोन्हीकडचे गणित बरोबर असूनही ताळा याच जागी चुकतो.