जाताना वाचले ८७ सेकंद नव्हे, तर साडेचार मिनिटे. येताना गेली साडेआठ

तलावात २ किलोमीटर पोहायला ४० मिनिटे लागणारा माणूस खाडीत एक किलोमीटर जाऊन परत येतो, तेव्हा घड्याळ ४४ मिनिटे दाखवते. जाताना प्रवाहाने मदत केली, येताना अडवले, म्हणजे फिटंफाट व्हायला हवी होती. मग ही चार मिनिटे कुठे गेली?

या पोहणाऱ्याचा स्वतःचा वेग मिनिटाला ५० मीटर आहे आणि पाणी मिनिटाला १५ मीटर वाहते आहे, असे धरू. जाताना त्याचा वेग ६५ मीटर होतो आणि एक किलोमीटर साधारण साडेपंधरा मिनिटांत संपतो. येताना वेग ३५ मीटर उरतो आणि तेच अंतर साडेअठ्ठावीस मिनिटे घेते. प्रवाहाची मदत त्याला थोडा वेळ मिळते, अडथळा मात्र जवळपास दुप्पट वेळ सोसावा लागतो. म्हणून हिशेब जुळत नाही. प्रवाह वाढून मिनिटाला २५ मीटर झाला, तर परतीलाच ४० मिनिटे लागतात. तो ५० मीटर झाला, तर माणूस हात मारत जागेवरच राहतो.

त्यामुळे एकूण अंतराला एकूण वेळेने भागून आलेला वेग आपला नसतो. दोन्ही दिशांचे वेग वेगळे काढावेत. त्यांची सरासरी, म्हणजे ६५ आणि ३५ यांची ५०, हा आपला खरा वेग. त्यांच्यातील फरकाचा निम्मा भाग, म्हणजे १५, हा प्रवाह. मात्र दोन्ही वेळा दम सारखा लावलेला हवा आणि मधल्या काळात प्रवाह बदललेला नको.

खाडीत नेमके हेच घडते. ओहोटीचा जोर मध्यावर सर्वाधिक असतो, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो आणखी वाढतो. काठाजवळ पाणी सहसा संथ असते, मधल्या खोल भागात ओढ जास्त. म्हणून उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात. पाण्यात उतरल्यावर नांगरलेल्या होडीजवळ एक मिनिट नुसते तरंगावे आणि किती मीटर वाहत गेलो, ते बघावे. तोच प्रवाहाचा वेग.

मग अंतर ठरवताना परतीचा वेळ आधी मोजावा. शक्यतो प्रवाहाविरुद्ध सुरुवात करावी, म्हणजे थकल्यावर पाणी घराकडे आणते. थकव्याने वेग ४५ मीटरवर उतरला, तर वरच्या उदाहरणातील परत ३३ मिनिटांची होते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवाहाविरुद्ध पोहताना काठावरची दोन झाडे एका रेषेत धरावीत. काही मिनिटांनंतरही ती रेषेतच दिसत असतील, तर पुढे सरकणे थांबले आहे. अशा वेळी जोर लावून दमण्यापेक्षा प्रवाहाला आडवे पोहून काठ गाठावा आणि चालत परत यावे.