हे कार्ड कुठलं?

सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने लागलेल्या माणसासमोर पहिल्याच आठवड्यात जिराचा बोर्ड उघडतो. एपिक, स्टोरी, टास्क, बग. बहुतेकांना वाटतं ही उतरंड आहे: एपिकच्या पोटात स्टोरी, स्टोरीच्या पोटात टास्क. जिराची मूळ रचना मात्र तशी नाही. एपिक वरच्या पायरीवर आणि बाकी तिघं तिच्याखाली एकाच पायरीवर. स्टोरीचे तुकडे पाडायचे तर सब-टास्क हा वेगळा प्रकार आहे.

बस तिकिटाचं एखादं ॲप घ्या. ‘तिकीट रद्द करणे व पैसे परत’ ही झाली एपिक. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ती मावणार नाही, म्हणून तिच्या स्टोऱ्या करायच्या. त्यातली एक अशी: ‘प्रवासी म्हणून मला बस सुटण्याच्या चार तास आधीपर्यंत तिकीट रद्द करता यावं, म्हणजे पैसे बुडणार नाहीत.’ कोणाला, काय, कशासाठी हे तिन्ही त्यात आलं. खाली स्वीकाराच्या अटी लिहायच्या: चार तासांच्या आत बटण दिसू नये, रक्कम मूळ खात्यातच जावी. नवशिके या अटी उरकून टाकतात आणि पुढची भांडणं तिथेच पेरली जातात.

टास्कचं फारसं काही नाही. पेमेंट कंपनीकडे चाचणीचं खातं उघडणं, सर्व्हरचं प्रमाणपत्र बदलणं, ही कामं करावीच लागतात, पण प्रवाशाला त्यात नवं काही दिसत नाही. त्यांना ओढूनताणून ‘डेव्हलपर म्हणून मला...’ असं स्टोरीचं रूप देणं मला निव्वळ सोंग वाटतं.

आता समजा ॲप सुरू झालं. एकाने दोन आसनं एकत्र काढली, त्यातलं एक रद्द केलं, पण पैसे दोन्हींचे परत आले. हा बग. कार्डावर कोणत्या पायऱ्यांनी गेलो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे लिहायचं. ‘रिफंड चालत नाही’ एवढंच लिहिलं तर पहिला दिवस विचारपूस करण्यातच जातो. दुसऱ्याची तक्रार वेगळी: दोनपैकी एकच आसन रद्द करायची सोयच नाही. अटींमध्ये ती सोय लिहिलेली असेल तर हाही बग. कोणी कधी ठरवलीच नसेल तर ती नवी स्टोरी, ग्राहक कितीही चिडलेला असो. आणि स्प्रिंट चालू असताना त्याच स्टोरीत चूक सापडली, तर अनेक टीम वेगळा बग नोंदवतच नाहीत; स्टोरी अजून पूर्ण झालेली नाही, एवढंच मानतात.

एपिकचं मोठं दुखणं म्हणजे ती कधी बंद होईल हेच न ठरवणं. ‘पैसे परत’ ही एपिक ठरलेल्या स्टोऱ्या संपल्या की बंद करता येते. ‘ॲप सुधारणा’ नावाची एपिक मात्र वर्षानुवर्षं उघडीच राहते, आणि कुठे न बसणारं प्रत्येक कार्ड तिच्यात जाऊन पडतं.