‘शुगर फ्री’च्या पाकिटात काय उरतं?

जळगावच्या दाणा बाजारात असो की धुळ्याच्या पाचकंदील भागात, किराणा दुकानात आता ‘शुगर फ्री’ बिस्किटं, ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेला सुकामेवा आणि स्टीव्हियाच्या डब्या सहज मिळतात. घरात कुणाला डायबेटीस असेल तर पाकिटावरचे हे दोन शब्द वाचले की खाण्याची मुभा मिळाली असं वाटतं. हा समज चुकीचा आहे. पाकिटावरचे शब्द बहुतेक वेळा खरेच असतात, पण ते फक्त साखरेबद्दल बोलतात. रक्तातली शुगर मात्र साखरेइतकीच मैद्यानं आणि पिठानंही वाढते, कारण पिष्टाचंही पोटात ग्लुकोजच होतं.

एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांनुसार 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नसेल तर ‘शुगर फ्री’ लिहिता येतं. पिष्ट किती असावं याची अट त्यात नाही. समजा, एका साध्या मारी बिस्किटाच्या पाकिटामागे 100 ग्रॅमला कर्बोदकं 75 ग्रॅम आणि साखर 22 ग्रॅम लिहिली आहे. शेजारच्या शुगर फ्री पाकिटावर कर्बोदकं 68 आणि साखर जवळजवळ शून्य आहे. चहाबरोबर चार बिस्किटं, म्हणजे साधारण 30 ग्रॅम खाल्ली, तर पहिल्यातून साडेबावीस ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात आणि दुसऱ्यातून वीस. फरक दोन-अडीच ग्रॅमचा. वीस ग्रॅम कर्बोदकं म्हणजे ज्वारीच्या अर्ध्या भाकरीपेक्षा थोडी जास्तच, आणि ती भाकरी जेवणात वेगळी असतेच. यावर कुणी म्हणेल, दुसऱ्या बिस्किटात माल्टिटॉलसारखे पॉलिओल असतात, त्यांनी शुगर कमी वाढते. ते खरं आहे. पण 68 पैकी पॉलिओल 12 ग्रॅम असले तरी उरलेले 56 ग्रॅम बहुतांशी मैद्याचेच राहतात, आणि पॉलिओल जास्त झाले की पोट बिघडतं. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहावं लागतं. तिथे पहिलं नाव मैद्याचं आणि पुढे कुठेतरी माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर समोरचे मोठे शब्द विसरावेत. माल्टोडेक्स्ट्रिन लेबलवर साखरेत मोजलं जात नाही, पण रक्तात ग्लुकोजच्याच वेगानं पोचतं.

‘साखर घातलेली नाही’ हा दावा तर आपल्या भागात जास्तच फसवा ठरतो, कारण इथे केळी पिकते. पिकलेल्या केळीत तीन चतुर्थांश पाणी असतं. ते वाळवून सुकेळी केली की साखर तेवढीच राहते आणि वजन घटतं, त्यामुळे सुकेळीत जवळपास निम्मं वजन साखरेचं असू शकतं, एक चिमूटही वरून न घालता. म्हणून ‘ॲडेड शुगर’ची ओळ वाचून थांबू नये, वरची ‘टोटल शुगर’ आणि तिच्याही वरची ‘कार्बोहायड्रेट’ वाचावी. कच्च्या केळीच्या वेफर्समध्ये साखर नगण्य, पण पिष्ट आणि तेल भरपूर. गुळाची किंवा मधाची बिस्किटंही याच हिशेबात बसतात. गूळ हा मुख्यतः उसाची साखरच आहे.

मग कोणता ब्रँड घ्यायचा? नाव मोठं असणं पुरेसं नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन पाकिटांत मोठा फरक असतो आणि कंपन्या घटक बदलतातही. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि पोषणाचा पूर्ण तक्ता नसलेलं पाकीट बाजूला ठेवा. उरलेल्यांची तुलना ‘प्रति सर्व्हिंग’वरून नको, प्रति 100 ग्रॅमवरून करा, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं ठरवते. मग आपण खरोखर किती खाणार त्यावर हिशेब करा.

गोडव्याच्या गोळ्यांबद्दल उलटी भीती आहे. 2023 मध्ये डब्ल्यूएचओच्या कर्करोग संस्थेनं ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, पण त्याच वेळी तज्ज्ञ समितीनं रोजची मर्यादा वजनाच्या प्रति किलोला 40 मिलिग्रॅम अशीच कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला ती 2,400 मिलिग्रॅम होते. चहातल्या दोन-चार गोळ्या तिच्या जवळही जात नाहीत. ॲस्पार्टेम उकळत्या चहात टाकू नये, उष्णतेनं गोडी जाते, सुक्रालोज टिकतो. पुडीतल्या पावडरीत मात्र वजनासाठी लॅक्टोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं. एका पुडीत ते एक ग्रॅमच्या आसपास, म्हणून चालतं. चमच्यांनी शिऱ्यात घालायचं असेल तर यादी वाचूनच घ्या.

आणि इन्सुलिन किंवा शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना घाम फुटला, हात थरथरले, तर त्या वेळी शुगर फ्री गोळी किंवा बिस्किटाचा उपयोग नाही. तेव्हा तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या.