जुन्या लॅपटॉपची डिस्क, नवे घर

लॅपटॉपमधून काढलेली अडीच इंची हार्ड डिस्क एन्क्लोजरमध्ये बसवली की ती यूएसबीवर चालणारी बाह्य डिस्क होते. मात्र एन्क्लोजर घेण्याआधी डिस्कची कड पाहावी. 7 आणि 15 संपर्कांच्या दोन चपट्या पट्ट्या असतील तर ती साटा. सुयांच्या दोन रांगा असतील तर जुनी आयडीई. दोन्हींची एन्क्लोजरं वेगळी असतात. जाडीही मोजावी, कारण 9.5 मिलिमीटरची डिस्क 7 मिलिमीटरच्या खोक्यात बसत नाही. च्युइंगगमच्या कांडीसारखी एम.2 पट्टी निघाली, तर लेबलवर साटा आहे की एनव्हीएमई ते वाचावं. नुसत्या आकारावर विसंबू नये.

फिरत्या साटा डिस्कचा वेग साधारण सेकंदाला 100 मेगाबाइट. यूएसबी 2.0 वर तो 35-40 पर्यंत घसरतो, तर 5 गिगाबिटच्या यूएसबी 3.0 वर पूर्ण मिळतो. त्यामुळे अशा डिस्कसाठी 10 गिगाबिटचं महाग एन्क्लोजर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

डिस्क टकटक आवाज करून पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, तर बहुधा वीज अपुरी पडते. यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. डिस्क फिरायला लागताना मात्र त्याहून जास्त ओढू शकते. आखूड केबल आणि दुसरा पोर्ट वापरून पाहावा. तरीही आवाज थांबला नाही, तर डिस्कच बिघडलेली असू शकते. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ विचारलं आणि आतला डेटा हवा असेल, तर नकार द्यावा.